प्लास्टरआधीची एक पानाची यादी: इंटिरियर डिझायनरने मोफत चेकलिस्ट कशी बनवावी आणि नंबर मागताना काय लिहावं?

अमळनेरच्या एखाद्या नव्या कॉलनीत घराचं बांधकाम सुरू आहे. स्लॅब पडला, विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. आता वायरमन भिंतीत पाइप टाकायला आला आहे. तो विचारतो, "साहेब, बोर्ड कुठे घेऊ?" घरमालक म्हणतात, "घ्या तुमच्या हिशोबाने."

पुढचे चार महिने सगळं ठीक चालतं. मग फरशी बसते, रंग होतो आणि फर्निचर करायची वेळ येते. तेव्हा कुणीतरी इंटिरियर डिझायनरचा नंबर देतं. डिझायनर घरात येते आणि पाहते, की पलंग जिथे येणार तिथे डोक्याशी एकही बटण नाही. कपाट जिथे बसणार नेमका तिथेच स्विचबोर्ड आहे. चिमणीचा पाइप बाहेर काढायला जागा नाही. आता नव्या भिंतीत खाच पाडायची, पुन्हा प्लास्टर करायचं, पुन्हा रंग द्यायचा. किंवा उघडी पट्टी मारून वायर न्यायची आणि ती आयुष्यभर बघत बसायची.

नुकसान दोघांचं होतं. घरमालकाचे कर्जाचे पैसे तोडफोडीत जातात. डिझायनरला काम मिळतं, पण हात बांधलेलं. याहून वाईट म्हणजे तिला येणाऱ्या बहुतेक फोनमध्ये पहिला प्रश्न एकच असतो, "स्क्वेअर फुटाचा रेट काय?" कारण इतक्या उशिरा विचारण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

लोकांनी आधी यावं, योग्य वेळी यावं, यासाठी डिझायनर काय करू शकते? एक उपाय आहे मोफत चेकलिस्ट. मार्केटिंगच्या भाषेत याला 'लीड मॅग्नेट' म्हणतात.

लीड मॅग्नेट म्हणजे काय?

लीड म्हणजे पुढे ग्राहक होऊ शकेल अशी व्यक्ती. मॅग्नेट म्हणजे लोहचुंबक. ग्राहकाला लगेच उपयोगी पडेल अशी एक छोटी गोष्ट फुकट द्यायची आणि तिच्या बदल्यात त्याचा फोन नंबर आणि पुढे संपर्क करण्याची परवानगी घ्यायची, एवढाच हा व्यवहार आहे.

शब्द नवा असला तरी कल्पना नवी नाही. किर्लोस्कर कारखाना लोखंडी नांगर बनवत असे. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्र सुरू केलं. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक झालं. फ्रान्समध्ये मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांना एक मार्गदर्शिका फुकट वाटली. त्यात गाडी दुरुस्त कुठे होईल, मुक्काम कुठे करता येईल, याची माहिती होती. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, असं साधं गणित त्यामागे होतं.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. वस्तू विकत घेण्याच्या आधी माणसाला जी माहिती लागते, ती विकणाऱ्यानेच पुरवली.

कोणती चेकलिस्ट? विषय निवडतानाच निम्मं काम होतं

बहुतेक डिझायनर पहिल्या झटक्यात 'घर सजवण्याच्या ५० टिप्स' असं काहीतरी बनवतात. ते डाउनलोड खूप होतं, पण काम आणत नाही. कारण ते कुणीही घेतं. भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी घेतो, घर दहा वर्षांनी बांधणारा घेतो, दुसरी डिझायनरही घेते.

चेकलिस्टचा विषय निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, ही यादी फक्त अशाच माणसाला लागेल का, ज्याला पुढच्या काही महिन्यांत डिझायनरची गरज पडणार आहे? दुसरा, यादी न पाहिल्यास त्याचं खरंच नुकसान होईल का? आणि तिसरा, यादी एका बैठकीत, साइटवर उभं राहून पूर्ण करता येईल का?

'प्लास्टर होण्याआधी तपासायच्या गोष्टी' ही यादी तिन्ही प्रश्नांना उतरते. प्लास्टर न झालेलं घर ज्याच्याकडे आहे, तोच ती मागेल. चूक झाली तर भिंत फोडावी लागते, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि तपासायला टेप, खडू आणि एक तास पुरतो.

अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावात याला आणखी एक कारण आहे. इथे बरीच घरं बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलांनी आई-वडिलांसाठी बांधलेली असतात. मुलगा सुरतला किंवा पुण्याला, बांधकामावर लक्ष ठेवतात वडील, आणि सगळे निर्णय होतात फोनवर. अशा घरात 'मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं' याचा कागद फार उपयोगी पडतो. मुलगा तो वडिलांना पाठवतो, वडील वायरमनला दाखवतात. म्हणजे एकाने मागितलेली यादी तिघांच्या हातात जाते.

यादीत काय लिहायचं?

चेकलिस्टमधली ओळ ही सल्ला नसते. समोर उभं राहून 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल अशी ती असावी लागते. एक उदाहरण पाहू.

कच्ची ओळ: "बेडरूममध्ये प्रकाशयोजनेचा नीट विचार करा."

पक्की ओळ: "पलंगाची जागा भिंतीवर खडूने आखली आहे. दोन्ही बाजूंना, तयार फरशीपासून साधारण दोन ते अडीच फुटांवर, दिवा-पंख्याचं बटण आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट आहे."

पहिली ओळ वाचून माणूस मान हलवतो. दुसरी वाचून तो खडू शोधतो.

दुसऱ्या ओळीतला 'तयार फरशीपासून' हा शब्द सहज टाकलेला नाही. प्लास्टरच्या वेळी फरशी बसलेली नसते. नंतर माल आणि फरशी मिळून जमीन दोन-तीन इंच वर येते. आज कच्च्या जमिनीपासून मोजलेला बोर्ड उद्या तेवढाच खाली दिसतो. म्हणून मिस्त्रीकडून लेव्हल पाइपने सगळ्या खोल्यांत एकच रेषा मारून घ्यायची आणि सगळी मापं त्या रेषेवरून धरायची. अशी एक बारीक गोष्ट यादीत असली, की वाचणाऱ्याला कळतं, ही यादी इंटरनेटवरून उचललेली नाही.

समजा, अमळनेरमध्ये काम करणारी एक डिझायनर अशी यादी बनवते आहे. तिच्या पानावर या बारा ओळी असू शकतात.

☐ १. सर्व खोल्यांत तयार फरशीची रेषा मारली आहे आणि मापं तिच्यावरूनच घेतली आहेत.

☐ २. पलंग, कपाट, सोफा, टीव्ही आणि देवघर यांची जागा भिंतीवर आणि जमिनीवर खडूने आखली आहे.

☐ ३. कपाटामागे किंवा उघडलेल्या दारामागे एकही स्विचबोर्ड जात नाही.

☐ ४. पलंगाच्या दोन्ही बाजूंना बटण आणि चार्जिंग पॉइंट आहे.

☐ ५. जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लागतो-विझतो.

☐ ६. एसी आणि गिझरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी आहे. एसीचं पाणी बाहेर नेणारा पाइप उतारात आहे.

☐ ७. कुलर ज्या खिडकीला लागणार, तिथे पॉइंट आहे आणि पाणी भरायची सोय जवळ आहे.

☐ ८. इन्व्हर्टरची जागा ठरली आहे आणि कोणते दिवे-पंखे त्यावर चालणार, हे वायरमनला लिहून दिलं आहे.

☐ ९. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली धरली आहे. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर आणि चिमणी यांचे पॉइंट त्याप्रमाणे घेतले आहेत.

☐ १०. चिमणीचा पाइप बाहेर जाण्यासाठी भिंतीत भोक ठेवलं आहे. वॉशिंग मशिनला नळ, सांडपाण्याचा पाइप आणि पॉइंट एकाच ठिकाणी आहेत.

☐ ११. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरपासून बाथरूमपर्यंत गरम पाण्याचा पाइप, आणि सोलर पॅनलच्या वायरसाठी मीटरपर्यंत रिकामा पाइप टाकला आहे.

☐ १२. भिंतीतले पाण्याचे पाइप दाब देऊन तपासले आहेत. प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप धरून, प्लास्टरआधी काढून ठेवला आहे.

यातली सातवी आणि अकरावी ओळ पाहा. मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या यादीत त्या नसतील. खानदेशातल्या एप्रिल-मे महिन्याच्या उन्हात बहुतेक घरांत कुलर लागतोच. पण तो बसतो खिडकीला, आणि पॉइंट असतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग दरवर्षी एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून ओढला जातो आणि पाण्याची बादली घेऊन फेऱ्या मारल्या जातात. ही ओळ वाचताना इथल्या माणसाला आपलं जुनं घर आठवतं. गावची यादी म्हणतात ती हीच.

बाराव्या ओळीतला फोटो कशासाठी? प्लास्टर झाल्यावर पाइप कुठून गेला ते दिसत नाही. दोन वर्षांनी कपाट ठोकताना ड्रिल नेमकं पाण्याच्या पाइपात जातं. टेपसह काढलेला फोटो असेल, तर कोपऱ्यापासून किती इंचांवर पाइप आहे ते मोबाइलवर बघता येतं. या कामाला एक रुपयाही लागत नाही. अशी बिनखर्चाची एक ओळ यादीत जरूर असावी, कारण 'ही मला काहीतरी विकायलाच बसली आहे' ही शंका तिच्यामुळे जाते.

काय लिहायचं नाही?

यादी लांब करण्याचा मोह होतो. रंगांच्या छटा, पडद्यांचं कापड, फॉल्स सीलिंगचे प्रकार... हे सगळं प्लास्टरनंतरचं आहे. ते आत्ता सांगितलं तर साइटवर उभा असलेला माणूस गोंधळतो आणि कागद घडी करून खिशात ठेवतो. बारा ते पंधरा ओळी, एक पान, इथे थांबायचं.

दुसरी गोष्ट, मिस्त्री आणि वायरमन यांच्यावर संशय घेणारी भाषा टाळायची. 'वायरमन फसवतात, सावध राहा' असं लिहिलं, तर तो कागद ज्याच्या हातात द्यायचा त्यालाच दुखावतो. गावात डिझायनरला उद्या त्याच वायरमनबरोबर काम करायचं असतं. यादी अशी असावी, की वायरमनने स्वतःहून पुढच्या घरमालकाला ती दाखवावी.

तिसरी गोष्ट, डिझायनरने आपली मर्यादा सांगावी. बीम, कॉलम, स्लॅब यांना भोक पाडणं किंवा वायरची जाडी ठरवणं हे या यादीचं काम नाही. "कॉलम किंवा बीममध्ये खाच पाडण्याआधी तुमच्या इंजिनिअरला विचारा" ही ओळ पानाच्या तळाशी असलीच पाहिजे.

कागद कसा दिसावा?

हा कागद मोबाइलवर उघडला जाणार आणि धुळीत वापरला जाणार, हे लक्षात ठेवलं की बरेच निर्णय आपोआप होतात. अक्षर मोठं हवं. पार्श्वभूमी पांढरी हवी, कारण गडद रंगाचं पान गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात काळं येतं. पीडीएफ हलकी हवी, शक्यतो एक एमबीच्या आत. आणि तेच पान फोटोच्या रूपातही द्यावं, कारण वडीलधाऱ्यांना पीडीएफपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उघडणं सोपं जातं.

प्रत्येक पानावर खाली डिझायनरचं नाव, गाव आणि नंबर हवा. यादी पुढे पाठवली जाणार हे गृहीत आहे. ज्याने नंबर न देता ती दुसऱ्याकडून मिळवली, त्यालाही कागद कुणाचा ते कळलं पाहिजे.

छापण्याआधी एक चाचणी करावी. यादी एका घरमालकाला आणि एका वायरमनला द्यावी आणि आपण गप्प बसावं. ज्या ओळीवर ते थांबतील किंवा "म्हणजे काय?" विचारतील, ती ओळ पुन्हा लिहावी. समजावून सांगायची वेळ आली, तर दोष ओळीचा असतो.

नंबर मागताना काय लिहायचं?

यादी चांगली असूनही लोक नंबर देत नाहीत, असं बऱ्याचदा होतं. कारण नंबर दिला की काय होतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. कर्जाचे फोन, प्लॉटचे मेसेज, सकाळ-संध्याकाळच्या शुभेच्छा. म्हणून यादीभोवतीची चार वाक्यं यादीइतकीच विचारपूर्वक लिहावी लागतात.

आधी एक नेहमीचा नमुना पाहू.

"आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा आणि मिळवा १००% फ्री एक्सक्लुझिव्ह गाइड! आपल्या स्वप्नातलं घर साकार करा! सबमिट."

यात वाचणाऱ्याच्या घराबद्दल एक शब्द नाही. न्यूजलेटर कुणालाच नको असतं. 'गाइड'मध्ये काय आहे ते कळत नाही. आणि 'सबमिट' म्हणजे आपण एखादा अर्ज भरतोय असं वाटतं.

आता तीच जागा अशी लिहिता येते.

> प्लास्टर व्हायचं आहे? आधी या १२ गोष्टी बघून घ्या.
>
> नंतर भिंत फोडावी लागू नये म्हणून एक पानाची यादी. टेप, खडू आणि एक तास पुरेल. वायरमन-प्लंबरला दाखवता येईल अशा मराठीत.
>
> तुमचं नाव: ______
>
> व्हॉट्सअ‍ॅप नंबर: ______ (यादी याच नंबरवर येईल)
>
> घर सध्या कुठपर्यंत आलंय? ○ नकाशा ○ स्लॅब झाला ○ विटांचं काम ○ प्लास्टर झालं
>
> ☐ पुढच्या टप्प्यांच्या दोन सूचनाही पाठवा. (नको असेल तर खूण करू नका. यादी तरीही मिळेल.)
>
> [ मला यादी पाठवा ]
>
> तुमचा नंबर फक्त यादी पाठवण्यासाठी, आणि वर खूण केली असेल तर त्या दोन सूचनांसाठी वापरू. तो कुणालाही देणार नाही. 'बंद' एवढंच लिहून पाठवलं की तुमचं नाव आणि नंबर काढून टाकू.

प्रत्येक ओळ काय काम करते ते पाहू.

शीर्षक वेळ सांगतं. ज्याचं प्लास्टर व्हायचं आहे, तोच थांबतो. इथे 'मोफत' हा शब्द नाही. पैसे कुठे मागितलेच नाहीत, त्यामुळे ते कळतं. हवं असेल तर एकदा लिहावं, पण तीनदा लिहिलं की फुकटच्या मालासारखा वास येतो.

दुसऱ्या ओळीत नुकसान सांगितलं आहे, पण भीती घातलेली नाही. 'तुमची ही एक चूक लाखोंचं नुकसान करू शकते' असं वाक्य क्लिक मिळवतं. पण डिझायनरला पुढे त्याच माणसाच्या घरात जाऊन बसायचं आहे. सुरुवातच धाकाने झाली तर विश्वास उशिरा येतो.

नंबरच्या पुढे कंसात कारण दिलं आहे. मागितलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तिथेच दिसलं पाहिजे. ईमेल, पत्ता, बजेट हे मागितलेलं नाही, कारण यादी पाठवायला त्याची गरज नाही. बजेट विचारलं की माणूस सावध होतो आणि एक तर खोटं लिहितो किंवा निघून जातो.

'घर कुठपर्यंत आलंय' हा प्रश्न मात्र मोलाचा आहे. उत्तर द्यायला सोपा आहे, खासगी नाही, आणि डिझायनरला त्यावरून कळतं, की आज कुणाला फोन करायला हवा. 'विटांचं काम' म्हणणाऱ्याकडे पंधरा-वीस दिवसच असतील. 'नकाशा' म्हणणाऱ्याकडे वर्ष असेल. आणि 'प्लास्टर झालं' म्हणणाऱ्याला ही यादी पाठवून उपयोग नाही. त्याला प्रामाणिकपणे सांगावं, की ही यादी आता उशिरा पडेल, पण ओट्याची आणि फर्निचरची मापं अजून हातात आहेत.

बटणावर वाचणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे. ते दाबल्यावर काय होईल, हे त्यातच लिहिलं आहे.

परवानगीची खूण वेगळी का?

इथे कायदाही येतो. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. माहिती कशासाठी घेतली जाते ते सांगावं लागतं. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मराठी त्यात आहे. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं.

म्हणून चौकटीत आधीच खूण करून ठेवायची नाही. यादी मागणं ही एक गोष्ट आहे आणि पुढचे मेसेज स्वीकारणं ही दुसरी. दोन्ही एकत्र बांधल्या, तर नावं जास्त जमतात, पण त्यातली बरीच माणसं दुसऱ्याच मेसेजला नंबर ब्लॉक करतात. खूण न करणाऱ्यालाही यादी मिळते, हे वाचल्यावर उलट विश्वास बसतो.

नंबर मिळाल्यावर पहिला मेसेज

यादी लगेच जायला हवी. माणूस साइटवर उभा असेल तर संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. सोबतचा मेसेज इतका पुरतो:

> नमस्कार. ही प्लास्टरआधीची यादी. फोटो आणि पीडीएफ दोन्ही पाठवले आहेत. वायरमनलाही पाठवा.
>
> कुठल्या ओळीवर अडलात तर त्या भिंतीचा फोटो इथेच पाठवा. एका फोटोचं उत्तर मी नक्की देईन, त्याचे पैसे नाहीत. पूर्ण साइट बघायची असेल तर तिची फी वेगळी असते, ती आधी सांगेन.
>
> माझा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढची सूचना मिळेल.

शेवटच्या ओळीला तांत्रिक कारण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे. एका लिस्टमध्ये २५६ नावं बसतात. तालुक्याच्या गावात एका डिझायनरला तेवढी पुरतात. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये मात्र टाकू नये. तिथे एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, म्हणजे 'कुणालाही देणार नाही' हे वचन पहिल्याच दिवशी मोडतं.

फी असते हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं आहे, तेही मुद्दाम. फुकट काय आणि पैशाचं काय, ही सीमा सुरुवातीला आखली नाही, तर फोटोंवर फोटो येत राहतात. मग डिझायनर चिडते आणि समोरचा नाराज होतो.

खूण केलेल्यांना दोन सूचना पाठवायच्या. पहिली, फरशी बसण्याआधी. दुसरी, रंगाआधी फर्निचरची मापं ठरवताना. त्या त्या वेळी त्या माणसाला त्या लागणारच असतात. दोनच सांगितल्या तर दोनच पाठवायच्या.

यादी लोकांपर्यंत पोहोचणार कशी?

ज्याच्या घराचं वायरिंग सुरू आहे, तो माणूस त्या आठवड्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात जातोच. पाइप, बॉक्स, वायर घ्यायला. त्या काउंटरवर एक छोटा बोर्ड आणि क्यूआर कोड, ही या यादीची सगळ्यात योग्य जागा. टाइल्स किंवा सॅनिटरीच्या दुकानात लावला तर थोडा उशीर झालेला असतो. फर्निचरच्या दुकानात लावला तर पूर्णच.

दुकानदाराला त्यात काय मिळतं? यादी वाचून ग्राहक दोन बॉक्स आणि थोडी वायर जास्त नेतो. ते त्याला मोकळेपणाने सांगावं. मात्र दुकानाचं नाव यादीत टाकून 'इथूनच घ्या' असं लिहू नये. तसं केलं की यादी जाहिरात होते.

चालतंय की नाही, कसं ओळखायचं?

फक्त किती नंबर जमले, हे मोजून काही कळत नाही. समजा, दोन महिन्यांत ६० जणांनी यादी घेतली. त्यातले २५ जण 'नकाशा', २० जण 'स्लॅब' किंवा 'विटांचं काम', आणि १५ जण 'प्लास्टर झालं' म्हणाले. भिंतीचे फोटो ८ जणांनी पाठवले. साइट बघायला तिघांनी बोलावलं आणि एक काम ठरलं. हे आकडे कल्पित आहेत, पण ते कसे वाचायचे ते यावरून समजेल.

'प्लास्टर झालं' म्हणणारे खूप असतील, तर यादी चुकीच्या दुकानात लागली आहे. लोक यादी घेतात पण एकही फोटो येत नसेल, तर एक तर ओळी फार सोप्या आहेत, किंवा इतक्या अवघड, की माणसाने तपासणी सुरूच केली नाही. चार-पाच जणांना फोन करून "कुठल्या ओळीपर्यंत आलात?" एवढंच विचारावं, उत्तर लगेच मिळतं. फोटो भरपूर येतात पण साइटवर कुणी बोलावत नाही, असं झालं तर फीचं वाक्य तपासावं. ते राहून गेलं असेल किंवा नीट कळलं नसेल.

आणि बोर्डसमोर लोक थांबतात, पण नंबर न देताच जातात, असं दुकानदार सांगत असेल, तर दोष यादीत नसून तिच्या आजूबाजूच्या चार वाक्यांत आहे.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. बरेच लोक यादी घेतील, सगळं नीट करून घेतील आणि डिझायनरला कधीच बोलावणार नाहीत. त्यांच्या घरात पलंगाशी बटण असेल, कुलरचा पॉइंट खिडकीजवळ असेल, आणि काम शेजारचा सुतार करेल. यादी खरोखर उपयोगी असेल तर असं होणारच. पण पुढच्या वर्षी त्यांचा भाऊ किंवा साडू घर बांधायला काढतो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर शोधून तो फोटो पुढे पाठवला जातो, आणि त्याच्या तळाशी नाव आणि नंबर असतो.